मोत्यांमागची क्रीम भिंत: बॅकग्राउंड इरेझरचे सॅम्पलिंग, टॉलरन्स आणि Contiguous–Discontiguous

प्रश्न: फोटोशॉपच्या बॅकग्राउंड इरेझरने नवरीच्या फोटोमागची क्रीम रंगाची भिंत काढत आहे. केस चांगले सुटतात, पण मुंडावळ्यांचे मोती खाल्ले जातात. टॉलरन्स कमी केला की मोती वाचतात, पण भिंत तुकड्यातुकड्यांत शिल्लक राहते. सॅम्पलिंग कोणते ठेवावे, आणि Contiguous ठेवावे की Discontiguous?

उत्तर:

केसांसाठी Continuous, Discontiguous आणि ३५ ते ४० टक्के टॉलरन्स ठेवावा. मुंडावळ्यांसाठी Once, Contiguous, १० ते १५ टक्के टॉलरन्स आणि मोत्यापेक्षाही लहान ब्रश ठेवावा. संपूर्ण फोटोला चालेल अशी एकच मांडणी या कामात मिळत नाही, कारण केस आणि भिंत यांच्या रंगांत मोठे अंतर आहे, तर मोती आणि भिंत यांच्या रंगांत ते जवळजवळ नाहीच. हे अंतर कोठे किती आहे ते समजले, की कोणते बटण कोठे दाबायचे हे पाठ करण्याची गरज उरत नाही.

ब्रशच्या वर्तुळाच्या मध्यभागी अधिकाचे चिन्ह दिसते. Sampling मध्ये Continuous किंवा Once निवडलेले असेल, तर त्या चिन्हाखाली जो रंग येतो तो नमुना म्हणून घेतला जातो आणि वर्तुळाच्या आत त्या रंगाशी जुळणारे पिक्सेल पारदर्शक केले जातात. वर्तुळाबाहेर काहीही होत नाही. आपण ब्रश ओढतो तेव्हा पडद्यावर एक सलग रेघ दिसते, पण प्रत्यक्षात एकापाठोपाठ एक अनेक ठसे उमटत असतात आणि प्रत्येक ठशाचा निर्णय त्याच्या स्वतःच्या वर्तुळापुरता होतो. प्रत्येक ठशात तीन गोष्टी ठरतात. कोणता रंग काढायचा हे Sampling ठरवते, त्या रंगाच्या किती जवळचे रंग त्यात धरायचे हे टॉलरन्स ठरवतो, आणि जुळणारे पिक्सेल वर्तुळात कोठेही असले तरी काढायचे की केवळ एकमेकांना जोडलेले काढायचे हे Limits ठरवते. तुमच्या फोटोत पहिल्या दोन गोष्टींनी प्रश्न सुटत नाही, म्हणून तिसरी निर्णायक ठरते.

आधी रंग मोजून पाहावेत. आयड्रॉपर घेऊन त्याचा Sample Size ३ बाय ३ ठेवावा, F8 दाबून Info पॅनेल उघडावे आणि फोटोवर निरनिराळ्या ठिकाणी कर्सर नेऊन आकडे पाहावेत. अशा फोटोत ते लाल, हिरवा, निळा या क्रमाने साधारण पुढीलप्रमाणे येतात असे धरू. दिव्याचा उजेड पडलेली भिंत २३२, २२४, २०६ आहे, नवरीच्या खांद्यामागे सावलीत गेलेली भिंत २०५, १९६, १७६ आहे, मोत्याची उजेडाकडची बाजू २३६, २३२, २२६ आहे, मोत्याची सावलीतली कडा १७६, १६५, १५० आहे आणि केस ४०, ३०, २८ च्या आसपास आहेत.

आता उजेडातल्या भिंतीला नमुना धरून अंतरे पाहा. त्याच भिंतीचा सावलीतला भाग तिच्यापासून प्रत्येक चॅनेलमध्ये २७ ते ३० ने दूर आहे. मोत्याची उजळ बाजू मात्र लाल आणि हिरव्यात जेमतेम ४ आणि ८ ने, तर निळ्यात २० ने दूर आहे. म्हणजे भिंत स्वतःपासून जितकी वेगळी आहे, त्यापेक्षा मोती भिंतीच्या अधिक जवळ आहे. या एकाच नमुन्यावरून सगळी भिंत निघावी इतका टॉलरन्स ठेवला तर मोत्याची उजळ बाजू जाणारच, आणि मोती वाचावा इतका तो खाली आणला तर सावलीतली भिंत राहणारच. तुम्हाला नेमके हेच दिसत आहे. योग्य आकडा तुम्हाला सापडत नाही याचे कारण तो अस्तित्वातच नाही. रंगांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असले, की टॉलरन्सची पट्टी कितीही बारकाईने सरकवली तरी ते वेगळे होत नाहीत.

अशा वेळी रंगाखेरीज जी माहिती चित्रात असते तिचा आधार घ्यावा लागतो, आणि ती माहिती म्हणजे पिक्सेलची जागा. Contiguous निवडल्यावर ठशाचा परिणाम शेतात सोडलेल्या पाण्यासारखा पसरतो. अधिकाच्या चिन्हापासून तो निघतो, नमुन्याशी जुळणाऱ्या शेजारच्या पिक्सेलवर जातो, तेथून पुढच्या पिक्सेलवर, आणि न जुळणाऱ्या पिक्सेलचा बांध आडवा आला की थांबतो. बांधापलीकडे तंतोतंत तोच रंग असला तरी पाणी तेथे पोहोचत नाही. मोत्याची १७६, १६५, १५० ही सावलीतली कडा उजेडातल्या भिंतीपासून चांगलीच दूर आहे, त्यामुळे १० ते १५ टक्के टॉलरन्सला ती बांधाचे काम करते आणि तिच्या आतली उजळ बाजू भिंतीसारखी दिसत असूनही सुरक्षित राहते. Discontiguous मध्ये बांधाला काही अर्थच नसतो. वर्तुळात जेथे जेथे नमुन्याजवळचा रंग सापडेल, तेथे तेथे तो काढला जातो, मग तो मोत्याच्या मध्यावर असो, दातांवर असो की डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर.

हा बांध सर्वत्र अखंड नसतो, आणि तुमच्या तक्रारीतला अर्धा भाग तेथून येतो. दिवा ज्या बाजूला आहे त्या बाजूने मोत्याची कडा उजळून भिंतीत मिसळते. दोन-तीन पिक्सेलची फट मिळाली तरी Contiguous तिच्यातून आत शिरते आणि आतला सगळा उजळ भाग घेऊन जाते. म्हणून Contiguous बरोबर ब्रशचा आकारही ठरवावा लागतो. समजा तुमच्या फोटोत एक मोती सुमारे ४० पिक्सेल रुंद आहे. ब्रश ३० पिक्सेलचा घेतला आणि अधिकाचे चिन्ह मोत्याच्या कडेपासून १० पिक्सेल दूर ठेवले, तर फट असली तरी वर्तुळ मोत्यात पाच पिक्सेलपेक्षा जास्त जातच नाही. तेच २०० पिक्सेलच्या ब्रशने केले, तर एका फटीतून अख्खा मोती आणि त्याला टेकलेला पुढचा मोतीही जाऊ शकतो. मोठा ब्रश वेळ वाचवतो हे मोकळ्या भिंतीपुरते खरे आहे. सारख्या रंगाजवळ ब्रशचा व्यास हीच नुकसानीची कमाल मर्यादा असते.

मग Discontiguous कशासाठी आहे? ते केसांसाठी आहे. सुटलेल्या बटा एकमेकींवरून जातात आणि त्यांच्यामध्ये भिंतीचे लहान लहान तुकडे चारही बाजूंनी बंदिस्त होतात. Contiguous ठेवून बाहेरच्या भिंतीवर चिन्ह टेकवले, तर परिणाम पहिल्याच बटेशी थांबतो आणि जाळीतले क्रीम रंगाचे ठिपके तसेच राहतात. प्रत्येक ठिपक्यात चिन्ह नेऊन टेकवणे व्यवहारात शक्य नाही. Discontiguous त्या बटा ओलांडून सगळे ठिपके एकाच वेळी काढते. येथे ते निर्धोक आहे, कारण केस ४० च्या आसपास आणि भिंत २०० च्या वर आहे. मधल्या एवढ्या मोठ्या पोकळीत ३५ किंवा ४० टक्के टॉलरन्स आरामात बसतो. नियम केसांचा किंवा मोत्यांचा नाही. वर्तुळाच्या आत, राखायच्या वस्तूचा कोणताही भाग नमुन्याच्या जवळचा नसेल तर Discontiguous बिनधास्त वापरावे. एखादा जरी असेल तर Contiguous वर यावे.

यातला “वर्तुळाच्या आत” हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. नवरीच्या अंबाड्यावर गजरा असतो. अंबाड्याच्या कडेने ब्रश फिरवताना वर्तुळाचा काठ गजऱ्यावर गेला, की चिन्ह भिंतीवर असूनही मोगऱ्याच्या कळ्या विरळ होऊ लागतात, आणि आपले लक्ष केसांवर असल्यामुळे ते लगेच ध्यानात येत नाही. त्यामुळे गजऱ्याच्या अलीकडे थांबावे, ब्रश लहान करावा, Limits बदलावे आणि मग पुढे जावे. [ आणि ] या कळांनी ब्रशचा आकार हात न उचलता बदलता येतो.

आता सॅम्पलिंगकडे वळू. Continuous मध्ये ब्रश ओढताना नमुना सतत नव्याने घेतला जातो. भिंत एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला सावलीत असेल, तर ही पद्धत सोयीची, कारण चिन्ह जेथे जाते तेथली छटा ते उचलते आणि टॉलरन्स कमी ठेवूनही काम होते. तिचा धोका एकच, पण मोठा आहे. चिन्ह क्षणभर जरी गालावर किंवा मोत्यावर गेले, तर त्या ठशासाठी गालाचा रंगच काढायचा रंग ठरतो. वर्तुळाचा काठ वस्तूवर गेला तर चालतो, चिन्ह जाता कामा नये. ही शिस्त Continuous मध्ये शंभर टक्के पाळावी लागते.

Once मध्ये बटण दाबले त्या क्षणीचा रंग धरला जातो आणि बटण सोडेपर्यंत तोच राहतो. अरुंद जागेत, जेथे हात थोडा हलला तरी चिन्ह मोत्यावर जाण्याची भीती असते, तेथे हाच प्रकार योग्य. त्याची मर्यादा अशी की भिंतीची छटा बदलली की नवा नमुना घेण्यासाठी बटण सोडून पुन्हा दाबावे लागते. मुंडावळ्यांपाशी ही मर्यादा फायद्याचीच ठरते, कारण तेथे लांब रेघा ओढायच्याच नसतात. एकेक टिचकी द्यायची असते. वर सांगितलेले २७ ते ३० चे अंतर यामुळे निकालात निघते. सावलीतल्या भिंतीसाठी सावलीतला नमुना आणि उजेडातल्या भिंतीसाठी उजेडातला नमुना घेतला, की टॉलरन्सला दोन्ही टोके कवेत घ्यावी लागत नाहीत आणि तो खाली ठेवता येतो. तुम्ही टॉलरन्स कमी केल्यावर भिंतीचे तुकडे राहतात, याचे एक कारण बहुधा हेच आहे की नमुना दूरच्या, वेगळ्या छटेच्या जागेवरून घेतला जातो.

Background Swatch मध्ये चिन्हाखालचा रंग विचारात घेतला जात नाही. टूलबारमधला पार्श्वभूमीचा रंग हाच नमुना असतो. रंग एकसारखा असलेल्या स्टुडिओच्या पडद्यासाठी तो चांगला आहे. दिव्याच्या उजेडात छटा बदलणाऱ्या भिंतीसाठी त्याचा उपयोग थोडा. शिवाय D दाबला की पार्श्वभूमीचा रंग पांढरा होतो, आणि पांढरा नमुना घेऊन मुंडावळ्यांवरून ब्रश फिरवला तर काय होईल हे सांगायला नको. या फोटोत हा प्रकार बाजूला ठेवावा.

प्रत्यक्ष काम पुढील क्रमाने करावे. फोटो उघडून Ctrl+J ने थराची प्रत करावी आणि मूळ थर लपवावा. प्रतीच्या खाली गडद हिरव्या किंवा गडद जांभळ्या रंगाचा एक सलग थर ठेवावा. पारदर्शकतेची करड्या चौकटींची जाळी फसवी असते. तिच्यावर फिकट क्रीम रंगाचे अवशेष दिसतच नाहीत, आणि मोत्याला पडलेले भोकही ओळखू येत नाही. गडद रंगावर दोन्ही लगेच दिसतात. ब्रशची Hardness १०० च्या जवळ ठेवावी, कारण मऊ ब्रशच्या काठाला अर्धवट पुसलेला धुरकट पट्टा राहतो आणि तो टॉलरन्सचा दोष आहे असे वाटू लागते. पेन टॅब्लेट वापरत असाल, तर ब्रशच्या यादीत खाली Size आणि Tolerance यांच्यापुढे Pen Pressure निवडलेले नाही याची खात्री करावी. तेथे ते सुरू असेल, तर हाताच्या दाबाप्रमाणे टॉलरन्स बदलत राहतो आणि एकाच मांडणीत दोन टिचक्यांचे परिणाम वेगळे येतात.

पहिल्यांदा केस घ्यावेत. Continuous, Discontiguous, टॉलरन्स ३५. चिन्ह भिंतीवर, बटांच्या टोकांपासून किंचित बाहेर ठेवून कडेकडेने जावे. मागून उजेड आलेल्या बारीक बटा काळ्या राहत नाहीत, त्या तपकिरी होऊन भिंतीच्या जवळ सरकतात, आणि प्रथम त्याच नाहीशा होतात. त्यासाठी Protect Foreground Color सुरू करावे, Alt दाबून अशा एका तपकिरी बटेवर टिचकी द्यावी, म्हणजे तो रंग पुढचा रंग म्हणून घेतला जातो आणि वाचवला जातो. गडद केसांवरून रंग घेऊन उपयोग नाही. गडद केसांना संरक्षणाची गरजच नव्हती.

मग मुंडावळी. चेहरा थोडा वळलेला असला, की पलीकडची सर भिंतीवर लोंबते आणि गाल व सर यांच्यामध्ये भिंतीचा एक लांबट त्रिकोण बंदिस्त होतो. फोटो २०० टक्के मोठा करावा, Once आणि Contiguous निवडावे, टॉलरन्स १२ ठेवावा, ब्रश ३० पिक्सेलचा घ्यावा. चिन्ह त्या त्रिकोणाच्या आत, शक्यतो मधोमध ठेवून टिचकी द्यावी आणि खालचा गडद रंग कोठपर्यंत वर आला ते पाहावे. पुढची टिचकी लगेच शेजारी, अजून न निघालेल्या भिंतीवर द्यावी. गालाची बाजू सोपी असते. त्वचेचा रंग या टॉलरन्सपासून फार दूर असतो. दोन मोत्यांच्या मधल्या खाचेत भिंतीचा चिमुकला तुकडा राहतो, तेथे ब्रश ८ ते १० पिक्सेलवर आणावा. टिचकीने एखादा मोती कुरतडला गेला, तर Ctrl+Z करावे आणि टॉलरन्स बदलण्याआधी चिन्हाची जागा थोडी दूर सरकवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते, कारण चिन्ह दूर गेल्यावर वर्तुळ फटीपर्यंत पोहोचत नाही.

येथे Protect Foreground Color ला मोत्याचा उजळ रंग देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. तो रंग भिंतीच्या इतका जवळ आहे की त्याच्याबरोबर भिंतही राखली जाते आणि सराच्या भोवती क्रीम रंगाची किनार राहते. संरक्षण द्यायचेच असेल, तर मोत्याच्या सावलीतल्या कडेचा, म्हणजे १७६ च्या आसपासचा रंग द्यावा. आतल्या उजळ भागाची राखण कडा करते, म्हणून जपायची ती कडा.

उजेडाकडची कडा मात्र खरोखरच नाहीशी झालेली असेल, तर वरील सगळी काळजी घेऊनही मोती कुरतडला जातो. अशा जागी बांध स्वतः घालावा लागतो, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सरळ आहे. मोती गोल असतात, त्यामुळे पेन टूलने सराच्या बाहेरच्या कडेने मार्ग आखून Ctrl+Enter ने त्याचे सिलेक्शन करावे, अर्ध्या पिक्सेलचा Feather द्यावा आणि Ctrl+Shift+I ने ते उलटे करावे. बॅकग्राउंड इरेझर सिलेक्शनच्या बाहेर जात नाही, त्यामुळे मोत्यांना हात लागणे शक्य नाही आणि टॉलरन्स मोकळेपणाने वाढवता येतो.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण तो फोटोतच दडलेल्या फरकाचा उपयोग करतो. वरचे आकडे पुन्हा पाहा. उजळ मोती आणि उजळ भिंत यांच्यात लाल आणि हिरव्यात फरक नगण्य आहे, पण निळ्यात भिंत २०६ आणि मोती २२६ आहे. भिंत पिवळसर आहे आणि मोती नाही, एवढीच त्यांची खरी ओळख. ही वीसची दरी रुंद करता येते. थराची आणखी एक प्रत काढावी, तिच्यावर Ctrl+M ने Curves उघडावे, चॅनेल Blue निवडावे आणि वक्राला दोन बिंदू द्यावेत: इनपुट २०६ ला आउटपुट १२०, आणि इनपुट २२६ ला आउटपुट २३५. भिंत एकदम गडद पिवळी होते आणि मोती पांढरेच राहतात. अंतर वीसवरून एकशे पंधरावर जाते आणि टॉलरन्सला बसायला जागा मिळते. हा बदल थरावर प्रत्यक्ष करावा लागतो. वर Adjustment Layer ठेवून भागत नाही, कारण इरेझर सक्रिय थराचे स्वतःचे पिक्सेल वाचतो, पडद्यावर दिसणारा रंग नाही. या रंगीत प्रतीवर भिंत पुसून घ्यावी, मग तिच्या थंबनेलवर Ctrl धरून टिचकी देऊन पारदर्शकतेचे सिलेक्शन घ्यावे, मूळ रंगांच्या थरावर जाऊन त्याचा लेअर मास्क करावा आणि रंगीत प्रत काढून टाकावी.

या युक्तीलाही मर्यादा आहे. इतका तीव्र वक्र रंगांतला गोंगाट, म्हणजे पिक्सेलागणिक होणारा विस्कळीत फरकही तितकाच वाढवतो. जेपीईजीमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे मोत्याच्या कडेवर भिंतीचा पिवळेपणा दोन-तीन पिक्सेल आत पसरलेला दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या, पुन्हा दाबून लहान केलेल्या फाइलवर हे इतके वाढते की कडा पायरी-पायरीची निघते. छायाचित्रकाराकडून मूळ फाइल, शक्य असल्यास रॉ, मागवून घ्यावी. सारख्या रंगांच्या कामात तिने जो फरक पडतो, तो कोणत्याही मांडणीने पडत नाही.

नुकसान झाले असेल, तर त्याचा आकार पाहून दोष कोठला ते सांगता येते. मोत्याची कडा शाबूत आणि मध्ये भोक असेल, तर Limits मध्ये Discontiguous राहून गेले आहे. कडेपासून आत घास घेतल्यासारखी खाच असेल, तर Contiguous फटीतून आत गेले आहे; टॉलरन्स दोन-तीन टक्क्यांनी खाली आणावा, ब्रश लहान करावा किंवा सिलेक्शनचा बांध घालावा. ब्रशच्या वाटेने गालावर किंवा साडीवर सलग पट्टा उमटला असेल, तर Continuous मध्ये चिन्ह वस्तूवरून गेले आहे. बंदिस्त जागांत भिंतीचे ठिपके राहिले असतील, तर Contiguous तेथे पोहोचलेले नाही, आणि हेच ठिपके मोकळ्या भिंतीवर मिठासारखे विखुरलेले असतील, तर गोंगाटामुळे एकेकटे पडलेले पिक्सेल टॉलरन्सबाहेर राहिले आहेत. त्या मोकळ्या जागी टॉलरन्स वाढवून Discontiguous ने एक हात फिरवावा. तेथे हरवण्यासारखे काही नसते.

एक नुकसान मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही. हे टूल पिक्सेल केवळ राखत किंवा काढत नाही. नमुन्याच्या जवळिकीप्रमाणे ते काही पिक्सेल अर्धवट पारदर्शकही करते. त्यामुळे मोती जागेवर दिसतात, पण आतून विरळ झालेले असतात आणि लाल पार्श्वभूमीवर ठेवल्यावर गुलाबी दिसू लागतात. तपासण्यासाठी थराच्या थंबनेलवर Ctrl धरून टिचकी द्यावी, मूळ थराला त्या सिलेक्शनचा मास्क द्यावा आणि Alt धरून त्या मास्कवर टिचकी द्यावी. मोत्यांच्या आत शुभ्र पांढरे दिसले पाहिजे. करडे दिसले तर तेवढा मोती गेला आहे. त्याच ठिकाणी मास्कवर पांढऱ्या ब्रशने तो भरून काढता येतो, म्हणून मूळ थर अखेरपर्यंत जपून ठेवावा. एकाच कडेवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवण्याची सवयही याच कारणाने घातक आहे, कारण अर्धवट राहिलेले पिक्सेल दर फेरीला आणखी झिजतात.

Limits मधला तिसरा पर्याय Find Edges हा Contiguous चाच भाऊ आहे. तो जोडलेले पिक्सेलच काढतो, पण कडेचा धारदारपणा राखण्याकडे अधिक लक्ष देतो. शालूचा काठ, खांद्याची रेषा, बाशिंगाची बाहेरची कड अशा ठसठशीत सीमांवर तो चांगला निकाल देतो. जेथे कडाच पुसट आहे, तेथे त्याला धरायला काही सापडत नाही, त्यामुळे मोत्यांच्या उजळ बाजूला त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करू नये.

शेवटी मास्क करायचा की पुसलेला थरच ठेवायचा, हे दोन्ही भागांसाठी निरनिराळे ठरवावे. बॅकग्राउंड इरेझर कडेच्या पिक्सेलमधून पार्श्वभूमीचा रंग काही प्रमाणात काढूनही टाकतो. पारदर्शकता उचलून मूळ थराला मास्क दिला, तर ही सफाई हरवते आणि केसांच्या टोकांना क्रीम रंगाची झाक परत येते, जी गडद पार्श्वभूमीवर उठून दिसते. म्हणून केसांचा भाग पुसलेल्या थरातूनच घ्यावा. मोत्यांचे उलट आहे. तेथे रंगाची ती सफाई मोत्याच्या स्वतःच्या रंगालाही ओढते, त्यामुळे मूळ थर आणि मास्क हीच जोडी अधिक विश्वासाची. दोन्ही थर एकाच फाइलमध्ये एकमेकांवर ठेवून, केसांसाठी एक आणि कानाखालच्या मुंडावळीसाठी दुसरा दिसेल अशी मास्कची विभागणी गालाच्या मध्यावरून करावी. तेथे दोन्ही थरांचे पिक्सेल हुबेहूब सारखे असल्यामुळे जोड दिसत नाही.